दर मूळ मजकुराच्या शब्दांवर ठेवा

प्रश्न: मी नाशिकला राहते, इंग्रजी-मराठी भाषांतराची कामं घरून घेते. आता स्वतःची वेबसाइट करतेय. पॅकेजेस, नमुने आणि चौकशीचा फॉर्म यांत नेमकं काय ठेवू?

सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असली नावं आधी काढून टाका. हातात कागद घेऊन आलेल्या माणसाला तो कुठल्या खान्यात बसतो एवढंच हवं असतं. मी दोनच खाने ठेवलेत. जन्मदाखला, गुणपत्रिका, सातबारा यांना नगावर दर, कारण त्यांत मजकूर थोडा असतो, वेळ जातो तो तक्ते, शिक्के आणि नावं जुळवण्यात. बाकी सगळं शब्दांवर, आणि तेही मूळ मजकुराच्या.

ही शेवटची अट ठळक लिहा. समजा, पिंपळगावच्या ठिबक विक्रेत्याने २४०० इंग्रजी शब्दांची माहितीपुस्तिका दिली. शब्दाला २ रुपये धरले तर ४८०० झाले, आणि हा आकडा काम हातात घेण्याआधीच दोघांना ठाऊक असतो. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे भाषांतर १९०० शब्दांतही आटपेल. त्यावर बिल केलंत तर हजार रुपये गेले, म्हणजे नेटकं लिहिल्याचा दंडच. पानावर दर लावाल तर एक पान नुसत्या फोटोचं आणि पुढचं बारीक टायपात खच्चून भरलेलं निघतं. दराखाली एक ओळ हवीच: दुरुस्तीची एक फेरी यात धरली आहे, मूळ मजकूर बदलला तर वेगळा आकार, डीटीपी वेगळं.

नमुन्यांत गिऱ्हाइकाचा कागद परवानगीशिवाय टाकू नका, नाव खोडूनही नाही. दीडशेएक शब्दांचे दोन-तीन उतारे स्वतःच लिहा. एखादं बँकेचं पत्र, एखादी फवारणीची सूचना. मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवा, मोबाइलवर मात्र एकाखाली एक. चित्र म्हणून चिकटवू नका, मजकूरच टाका, म्हणजे मोठा करून वाचता येतो आणि शोधातही सापडतो.

खरी कसोटी फॉर्मची. फाइल जोडायची सोय नसेल तर ‘रेट काय?’ एवढाच निरोप येतो आणि चार फोन करावे लागतात. गुगल फॉर्म वापरणार असाल तर एक गोष्ट लक्षात घ्या: त्यात फाइल जोडायला समोरच्याला गुगल खात्यात लॉग-इन करावं लागतं, आणि बरेच जण तिथूनच परततात. व्हॉट्सॅपचं बटण शेजारी द्या. विचारायचं थोडंच: कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत, कधी हवं, कशासाठी हवं. ‘कशासाठी’ यावर पुढचं ठरतं. व्हिसासाठी असेल तर पासपोर्टवरचं नावांचं स्पेलिंग तेव्हाच मागून घ्या. छपाईला जाणार असेल तर प्रेसला युनिकोड चालतं की जुना फॉन्ट लागतो, ते विचारा. नाहीतर तुमचा मजकूर तिथे पुन्हा टाइप होतो आणि त्या टायपिंगच्या चुका तुमच्या नावावर छापून येतात.

आणि फाइल स्कॅन केलेली असेल तर शब्द आपोआप मोजता येत नाहीत. म्हणून किंमत तिथल्या तिथे दाखवणारा कॅल्क्युलेटर लावू नका. ‘फाइल पाहून संध्याकाळपर्यंत आकडा कळवते’ असं लिहा.