टोमॅटो-बटाट्यात निकोटिन असतं म्हणे. त्यामुळे विम्याच्या लघवी तपासणीत तंबाखू पॉझिटिव्ह येऊ शकतं का?

नाही येत. मी रत्नागिरीत लॅबमध्ये काम करते आणि हीच सबब माझ्या भावोजींनी सांगितली होती, म्हणून लिहितेय. विम्याच्या तपासणीत कोटिनिन पॉझिटिव्ह आलं, हप्ता वाढला, आणि "आदल्या रात्री वांग्याचं भरीत खाल्लं होतं, लॅबवाल्यांना काय कळतंय" असं घरभर सुरू झालं. नमुना आमच्या लॅबमध्ये आलाही नव्हता, तरी बोलणी मलाच.

तर भरीतच धरू. टोमॅटो, बटाटा, वांगं ही तंबाखूचीच भावकी, त्यामुळे थोडं निकोटिन असतंच. पिकलेला टोमॅटो आणि बटाटा यांत ग्रॅममागे साधारण 3 ते 7 नॅनोग्रॅम. वांग्याचा 1993 साली छापून आलेला आकडा त्यापेक्षा बराच मोठा, 100. म्हणजे पाव किलो वांग्यात 25 हजार नॅनोग्रॅम. एका सिगारेटमधून मात्र अंगात जातं सुमारे 10 लाख.

तपासणी मोजते ते कोटिनिन, निकोटिनचं यकृतात जे होतं ते. भावोजींच्या बाजूने अगदी न होणारं धरलं, की त्या सगळ्या निकोटिनचं कोटिनिन झालं आणि दिवसभराच्या दीड लिटर लघवीत पुरतं उतरलं, तरी मिलिलिटरमागे 17 नॅनोग्रॅमच्या आसपास येतं. विम्याच्या लघवी तपासणीत पॉझिटिव्हची रेघ बहुतेक ठिकाणी 200 वर असते. प्रत्यक्षात तर त्यातला लहानसा भागच कोटिनिन म्हणून बाहेर पडतो.

भावोजी सकाळी आणि रात्री जेवणानंतर मशेरी लावतात. फॉर्मवर तंबाखूपुढे "नाही" लिहिलं, कारण त्यांच्या लेखी ती दात घासायची पूड. अहो, मशेरी म्हणजे तव्यावर भाजलेला तंबाखूच! निकोटिन हिरड्यांतून सरळ रक्तात जातं. शेवटी ताईने पंधरवडाभर मशेरी बंद करायला लावली आणि वांगी मुद्दाम चालू ठेवली. कोटिनिन 16 ते 20 तासांत निम्मं होतं, त्यामुळे इतके दिवस पुरेसे होते. पुन्हा तपासणी केली, निगेटिव्ह. भावोजी अजूनही म्हणतात, तेव्हाची वांगी वेगळी होती. नव्हती.

तेव्हा भाजीला दोष देण्याआधी घरात मशेरी, तपकीर, गुटखा काय चालतं ते बघा आणि फॉर्मवर खरं लिहा.

एक राहिलं. तंबाखू सोडायला निकोटिनची च्युइंगम किंवा पट्टी चालू असेल तर कोटिनिन पॉझिटिव्हच येणार. ते आधी सांगून ठेवा आणि अॅनाबेसिनची तपासणी होते का विचारा. अॅनाबेसिन तंबाखूत असतं, च्युइंगममध्ये नसतं.