लेक्सर आणि पार्सर: `10-4-3` चं उदाहरण

प्रश्न: कंपायलरच्या स्लाइड्समध्ये लेक्सिकल अॅनालिसिस आणि पार्सिंग वेगवेगळं का दाखवतात? एखाद्या छोट्या उदाहरणावर सांगाल का?

लेक्सर अक्षरं जोडून टोकन बनवतो आणि पार्सर त्या टोकनांमधून कुठली क्रिया कुणाच्या पोटात आहे ते ठरवतो, म्हणून दोन पायऱ्या. `10-4-3` घ्या. लेक्सर `1` वाचून थांबत नाही; जमेल तितकं लांब टोकन घ्यायचं हा त्याचा नियम, म्हणून `10` हे एकच टोकन होतं. सहा अक्षरांची पाच टोकनं झाली:

```
NUM(10)  MINUS  NUM(4)  MINUS  NUM(3)
```

इथे लेक्सरने `-4` ही ऋण संख्या म्हणून उचलली, तर `10` आणि `-4` शेजारीशेजारी येतात, मध्ये क्रियाच उरत नाही आणि पार्सर चूक दाखवतो. म्हणून वजाचं चिन्ह सुटंच ठेवतात. त्याचा अर्थ पार्सर लावतो, या व्याकरणाने:

```
E -> E - NUM | NUM
```

बाणानंतरच्या भागात `E` वजाच्या डावीकडे असल्याने झाड डावीकडे वाढतं (इथे ते थोडक्यात काढलंय):

```
      -
     / \
    -   3
   / \
 10   4
```

उत्तर 3. नियम `E -> NUM - E | NUM` असा उलटा लिहिला, तर टोकनं तीच राहतात, पण झाड `10-(4-3)` चं होतं आणि उत्तर 9 येतं. स्लाइड समजली का हे तपासायला दोन्ही झाडं हाताने काढून बघाच.

एक अट: हाताने रिकर्सिव्ह डिसेंट पार्सर, म्हणजे व्याकरणातल्या प्रत्येक चिन्हासाठी एक फंक्शन असलेला पार्सर, लिहिताना `E -> E - NUM` हा नियम जसाच्या तसा वापरू नका. `E` चं फंक्शन एकही टोकन न वाचता स्वतःलाच बोलावत राहील. तिथे लूप वापरून झाड डावीकडून बांधतात.