'सविनय कायदेभंग' नेमकं कशाला म्हणायचं?

प्रश्न: "मुलाच्या नववीच्या प्रकल्पात आम्ही काळाराम मंदिराच्या आंदोलनाला 'सविनय कायदेभंग' लिहिलं, तर बाईंनी ते खोडून 'सत्याग्रह' केलं. परवा गंगेवर एक ओळखीचे गृहस्थ हेल्मेट न घालणं हाही आपला सविनय कायदेभंगच म्हणत होते. हा शब्द कुठे लागतो? आणि 'सविनय' म्हटलं की कायदा मोडणं योग्य ठरतं का?"

बाईंचं बरोबर आहे. त्या गृहस्थांचं नाही. दोन्हीची कारणं वेगळी आहेत आणि त्यातली बाईंची बाजू जास्त रंजक आहे, म्हणून आधी तीच घेतो.

२ मार्च १९३० ला पंचवटीत काय झालं ते आठवून पाहा. बाबासाहेब आंबेडकर आणि भाऊराव गायकवाड (आपले दादासाहेब) यांच्या नेतृत्वाखाली हजारोंची मिरवणूक मंदिरापाशी आली, तेव्हा दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदेच्या घाटाकडे वळली, तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रियांची पहिली तुकडी मंदिराच्या चार दरवाजांपुढे जाऊन बसली. पुढे जवळपास महिनाभर मंदिर बंद राहिलं. ९ एप्रिलला, रामरथाच्या दिवशी, रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढायचा असं ठरलेलं असताना ते पाळलं गेलं नाही आणि दगडफेक झाली. हे प्रकरण १९३५ पर्यंत चाललं.

आता विचारा, दरवाजापुढे बसलेल्यांनी कोणता कायदा मोडला? अस्पृश्यांनी काळारामाच्या मंदिरात पाऊल ठेवू नये असा कोणत्याही विधिमंडळाने केलेला कायदा नव्हता. आडवी होती ती रूढी. तिच्या पाठीशी कोर्ट होतं हेही खरं. मद्रास इलाख्यातल्या कमुदीच्या देवळात नाडरांना मज्जाव करण्याची प्रथा प्रिव्ही कौन्सिलने १९०८ मध्ये उचलून धरली होती, म्हणजे मंदिराच्या मालकांना 'ही आमची वहिवाट' असं म्हणायला आधार होता. तरीही दारापुढे शांतपणे बसणं आणि दार उघडा म्हणणं हा वहिवाटीला दिलेला धक्का झाला, कायद्याचा भंग नव्हे. मॅजिस्ट्रेटचा मनाई हुकूम धुडकावून कुणी पुढे गेलं, तर तेवढ्या प्रसंगाला कायदेभंग म्हणता येईल. अख्ख्या लढ्याला 'सत्याग्रह' हेच नाव शोभतं, आणि लढणाऱ्यांनीही तेच वापरलं. प्रत्येक सविनय कायदेभंग हा सत्याग्रह असतो, पण प्रत्येक सत्याग्रहात कायदा मोडलेला असेलच असं नाही.

हा फरक बाबासाहेबांनी स्वतः किती काटेकोरपणे पाळला, ते महाडच्या दुसऱ्या खेपेला दिसतं. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायले तेव्हा कायदा त्यांच्या बाजूने होता. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता आणि महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. तिथेही मोडली ती रूढीच. पण डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरायच्या आधी विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. आता तळ्यावर गेलं तर प्रथमच खरोखरीचा कायदेभंग होणार होता. हजारो लोक जमले होते, बरेच जण तुरुंगात जायला तयार होते. तरी बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली, तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाणी न घेता परतले. मनुस्मृती जाळली ती याच परिषदेत. म्हणजे माघार घेतली असं कुणी म्हणू नये. भांडण सवर्णांशी होतं, सरकारशी नव्हतं, हुकूम तात्पुरता होता आणि दावा अजून चालायचा होता. अशा वेळी कोर्टाचा हुकूम मोडला असता तर सरकारही अंगावर आलं असतं आणि हाती काही लागलं नसतं.

आता 'सविनय' या शब्दाकडे येतो. लग्नपत्रिकेतल्या 'सविनय निमंत्रणा'मुळे आपल्याला वाटतं की पोलिसाशी अदबीने बोललं की झालं. इथल्या विनयाचा रोख पोलिसाकडे नाही, एकूण कायद्याच्या राज्याकडे आहे. १८ एप्रिल १९१७ ला मोतीहारीच्या कोर्टात गांधीजींनी जे केलं त्यात हा अर्थ लख्ख दिसतो. चंपारण सोडून जा हा हुकूम त्यांनी मोडला होता. कोर्टात त्यांनी वकिली मुद्दे काढले नाहीत, हुकूम पोचलाच नाही असंही म्हटलं नाही. हुकूम मोडला हे सरळ कबूल केलं आणि सांगितलं की कायदेशीर सत्तेबद्दल अनादर म्हणून नव्हे, तर सदसद्विवेकबुद्धीची हाक मानून तो मोडला. शिक्षा द्या, घेतो. पुढे खटलाच काढून घेण्यात आला, पण ते त्यांना आधी ठाऊक नव्हतं. उघडपणे मोडणं आणि परिणाम अंगावर घेणं हाच इथला विनय. चोरून मोडणाऱ्याला कायदा फक्त स्वतःपुरता टाळायचा असतो. उघड मोडणाऱ्याला तो सगळ्यांसाठी बदलायचा असतो.

कायदेभंगाचं चोख उदाहरण आपल्याच जिल्ह्यात हवं असेल तर मुलाला बागलाणचा जंगल सत्याग्रह लिहायला सांगा. १९३० मध्ये समुद्रकाठी मीठ होतं, देशावर मीठ कुठून आणणार? म्हणून इथल्या लोकांनी राखीव जंगलातलं गवत कापलं. कायदा होता १९२७ चा भारतीय वन कायदा. त्याच्या २६ व्या कलमाखाली राखीव जंगलात परवानगीशिवाय गुरं चारणं किंवा तिथला माल काढणं हा गुन्हा होता आणि शिक्षा होती सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. जंगल राखीव झाल्यावर जवळच्या गावाला आपल्याच शिवाराशेजारचं गवत विळ्याने कापायचं तर परवाना लागे, चराईचे पैसे भरावे लागत. ज्यांच्यावर हा कायदा लादला, त्यांना तो करताना कुणी विचारलंही नव्हतं.

या उदाहरणात एक गोष्ट फार नीट जुळते. मोडला तो कायदा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तो कायदा, दोन्ही एकच. गवताचा कायदा अन्यायाचा वाटतो, म्हणून गवत कापलं. नुकसान झालं ते पेंढीभर गवताचं, आणि कुणा तिसऱ्याच्या पोटावर पाय आला नाही. असा कायदेभंग नैतिकदृष्ट्या समर्थनीय ठरवणं सोपं जातं. मात्र जमाव हाताबाहेर गेला की हेच समर्थन किती पातळ होतं, ते रायगडच्या चिरनेरला दिसलं. २५ सप्टेंबर १९३० ला तिथल्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि दोन्ही बाजूंची माणसं मेली.

याच कसाला रास्ता रोको लावून पाहा. कांद्याचे भाव पडले की चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला जातो. शेतकऱ्याची तक्रार खरी असते, अटकही तो उघडपणे करवून घेतो. पण वाहतूक अडवू नये या कायद्याशी त्याचं भांडण नाही. भांडण निर्यातीच्या धोरणाशी आहे, आणि अडकतो तो एसटीतला प्रवासी, ज्याचा त्या धोरणाशी काही संबंध नाही. म्हणून रास्ता रोको मुळात चूकच, असं मी म्हणणार नाही. पण इथे समर्थनाचं ओझं पुष्कळ वाढतं. आधी निवेदनं दिली का, मोर्चे काढले का, अडवणूक किती वेळ चालली, रुग्णवाहिकेला वाट दिली का, हे सगळं विचारावं लागतं. गवत कापणाऱ्याला यातलं फारसं कुणी विचारत नाही.

हेल्मेटवाले गृहस्थ यातल्या पहिल्याच पायरीवर अडखळतात. द्वारकेला पोलीस दिसला की ते गल्लीत वळतात, सापडले की ओळख सांगून सुटायला बघतात. पोलीस आयुक्तालयासमोर बिनहेल्मेट उभं राहून 'माझं नाव लिहा, दंड फाडा, मी पुन्हा असाच येईन' असं ते म्हणाले, तर शब्द निदान लागू तरी पडेल. तरी योग्य ठरेल का? माझ्या मते नाही. तो नियम कुणाचा हक्क हिरावत नाही, कुणा एका जातीला किंवा गावाला वेगळं पाडत नाही, आणि तो बदलून घ्यायला निवडणूक, अर्ज, कोर्ट या सगळ्या वाटा उघड्या आहेत.

'वाटा उघड्या' या मुद्द्यावर बाबासाहेबांचंच २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण आहे. कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हे मार्ग आता सोडले पाहिजेत, असं त्यांनी तिथे सांगितलं. घटनात्मक मार्गच नव्हते तेव्हा त्यांचं बरंच समर्थन होतं, आता ते उपलब्ध आहेत, म्हणून समर्थन उरत नाही. या मार्गांना त्यांनी अराजकाचं व्याकरण म्हटलं. पाणी न पिता तळ्यावरून परतलेला माणूस हे म्हणतो, म्हणून त्याला वजन आहे.

मला तरीही एक खटकतं. महाडचा दावा १९२७ ला सुरू झाला आणि हायकोर्टाचा शेवटचा निकाल लागला मार्च १९३७ मध्ये. (तो देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड, १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारेच.) अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादी काळापासून असल्याचं विरोधकांना सिद्ध करता आलं नाही, असा निकाल झाला. बाबासाहेब जिंकले, पण तळ्याच्या पाण्याचा हक्क कागदावर पक्का व्हायला दहा वर्षं गेली. वाट उघडी आहे असं म्हणताना ती किती वर्षांची आहे हेही मोजायला हवं असं मला वाटतं. थांबण्याची किंमत कोण मोजतं त्यावर उत्तर बदलतं. हेल्मेटविरोधी गृहस्थांना दहा वर्षं थांबायला काही जात नाही. पाणवठ्यावरून हाकललेल्या बाईला रोज संध्याकाळी घागर भरायची असते.

प्रकल्पासाठी म्हणाल तर काळारामाला 'मंदिर प्रवेश सत्याग्रह' आणि बागलाणला 'जंगल सत्याग्रह, म्हणजे वन कायद्याचा सविनय भंग' असं लिहा. काळारामाखाली एक ओळ अजून घाला. १९४७ च्या मुंबई इलाख्याच्या मंदिर प्रवेश कायद्याने उलटंच केलं, देवळात जाणारा निर्दोष ठरला आणि त्याला दारात अडवणारा गुन्हेगार.