शीर्षक बदलून स्ट्राइक टळत नाही

*वकीलसाहेब, मी कोल्हापूरचा. क्रिकेट हायलाइट्सचं यूट्यूब चॅनल चालवतो. २०२४ च्या टी-२० विश्वचषक फायनलच्या वर्षपूर्तीला, २९ जून २०२५ रोजी, टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या क्लिपांचा ११ मिनिटांचा व्हिडिओ टाकला. मागे फक्त म्युझिक होतं. स्ट्राइक आला. मग शीर्षक आणि टॅग बदलून तोच परत टाकला, दुसरा स्ट्राइक आला. खाली 'कॉपीराइट भंगाचा हेतू नाही, सेक्शन १०७ फेअर यूज' असं लिहिलं होतं. मॅच बघताना मी वहीत ओव्हरवार टिपणं काढतो, ती कुठे वापरली नाहीत. संघांची नावं, तारीख, फॉरमॅट वगैरे कसं लिहिलं म्हणजे कॉपीराइटचा त्रास होणार नाही? तिसरा व्हिडिओ तयार आहे.*

पहिला स्ट्राइक आल्यावर तोच व्हिडिओ परत चढवायची बुद्धी कुणी दिली, हे कळवलं असतं तर बरं झालं असतं. आणि दुसऱ्या स्ट्राइकची तारीख? सगळी गणितं त्या एका तारखेवर अडली आहेत आणि पत्रात नेमकी तीच नाही. स्ट्राइक म्हणजे कॉपीराइटच्या तक्रारीवरून यूट्यूबने दिलेली ताकीद, ती ९० दिवस राहते. त्या मुदतीत तिसरा स्ट्राइक आला की चॅनल बंद होऊ शकतं आणि त्याला जोडलेली तुमची इतर चॅनलंही जाऊ शकतात. व्हिडिओ डिलीट करून स्ट्राइक पुसला जात नाही.

आता शीर्षकाचं. यूट्यूबची जुळणी करणारी यंत्रणा चित्र आणि आवाज पडताळते, तिला तुमच्या शीर्षकाशी घेणंदेणं नाही. शीर्षक वाचतो तो हक्कदार कंपनीचा माणूस, तो नावाने शोधत येतो आणि हाताने तक्रार करतो. म्हणजे शब्द बदलून फार तर सापडायला उशीर होईल. आवाज काढणं, चित्र आडवं उलटवणं, कडेने कापणं, हे उपाय करणारेही मला पत्रं लिहितात. त्याने दृश्य तुमचं होत नाही, उलट लपवायचा प्रयत्न केला याचा पुरावा तयार होतो.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला त्या प्रक्षेपणावर स्वतंत्र हक्क मिळतो. प्रक्षेपण झालं त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून २५ वर्षं तो चालतो. तुमच्या फायनलच्या बाबतीत २०४९ च्या अखेरपर्यंत. तेव्हा 'जुनी मॅच आहे, आता कोण विचारतंय' हे डोक्यातून काढा.

तुमचा प्रश्न ज्यावर ठरतो ते कलम ३९. त्याच्या दुसऱ्या खंडात एक वाट ठेवली आहे: चालू घडामोडींचं वार्तांकन किंवा प्रामाणिक समीक्षा, अध्यापन, संशोधन यांसाठी प्रक्षेपणातले उतारे रास्त प्रमाणात वापरले तर हक्कभंग होत नाही. तुमच्या कामाच्या वाटा त्यात दोनच, वार्तांकन आणि समीक्षा. वार्तांकनाची तुम्ही स्वतःच्या हाताने बंद केलीत. सामना २९ जून २०२४ चा, व्हिडिओ २९ जून २०२५ चा. दोन्ही तारखा तुमच्याच माहितीत लिहिलेल्या. वर्षभरापूर्वीचा सामना ही चालू घडामोड आहे असं कोणत्याही न्यायाधीशासमोर मी तोंड वर करून सांगू शकणार नाही.

उरली समीक्षा. तिला अशी तारखेची अडचण नाही, वर्षाने केली तरी समीक्षाच. पण समीक्षा म्हणजे कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं! अकरा मिनिटं क्लिपा आणि म्युझिक, त्यात तुमचा एक शब्द नाही. ज्या टिपणांनी ही वाट उघडली असती ती वहीत पडून राहिली. किती सेकंदांचा उतारा चालतो, असा आकडा कायद्यात नाही. आपल्या म्हणण्याच्या आधाराला जेवढा लागेल तेवढाच, असं धरून चाला. तेवढं करूनही यंत्रणा दावा लावू शकते, कारण हेतू ओळखणं तिच्या आवाक्यातलं नाही. म्हणून तुमच्या आजच्या अवस्थेत, दोन स्ट्राइक डोक्यावर असताना, माझा सल्ला एकही दृश्य न वापरण्याचा आहे. थंबनेलवरही नाही. तीही प्रक्षेपणातलीच चौकट.

खालची ती ओळ आधी पुसा. सेक्शन १०७ हे अमेरिकेच्या कायद्यातलं आहे, इथल्या कोर्टात त्याचा काडीचा उपयोग नाही. त्यातून आपल्याकडे कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेला भंग हा गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. 'हेतू नाही' असं लिहून ठेवणाऱ्याला हक्क दुसऱ्याचा आहे हे माहीत होतं, असा अर्थ समोरचा वकील आनंदाने काढेल. तुमच्यासारख्यावर लगेच फौजदारी होईल असं मी म्हणत नाही, पण त्याच्या हातात कागद कशाला द्यायचा?

आता माहिती कशी लिहायची ते. कोण खेळलं, कधी, कुठे, कोणत्या प्रकारात, किती धावा झाल्या, या वस्तुस्थितीवर कुणाचा कॉपीराइट नसतो. २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सामन्याच्या माहितीबाबत स्टार इंडियाच्या प्रकरणात हेच धरलं. पुढे सर्वोच्च न्यायालयातही दाद मागितली गेली, म्हणून थेट चेंडूगणिक स्कोअर पैसे घेऊन पुरवायचा बेत असेल तर वेगळं विचारा. झालेल्या सामन्याची नोंद लिहायला अडचण दिसत नाही. ती अशी लिहा:

```
शीर्षक: भारत वि. दक्षिण आफ्रिका, टी-२० विश्वचषक
        २०२४ अंतिम सामना: शेवटच्या पाच षटकांची समीक्षा
संघ: भारत (पुरुष), दक्षिण आफ्रिका (पुरुष)
सामना: २९ जून २०२४, ब्रिजटाउन (स्थानिक तारीख)
प्रकार: टी-२० आंतरराष्ट्रीय
निकाल: भारत ७ धावांनी विजयी
टिपणं: स्वतःची, सामना पाहताना लिहिलेली
दृश्यं: स्वतः काढलेल्या आकृत्या; प्रक्षेपण वापरलेलं नाही
```

यात 'हायलाइट्स' हा शब्द मुद्दाम नाही. दृश्य नसताना तो लिहिला तर ती बघणाऱ्याची दिशाभूल, आणि यूट्यूबच्या नियमांत तेही बसत नाही. 'ऑफिशियल' नको, टॅगमध्ये प्रक्षेपण करणाऱ्या चॅनलचं नाव नको, कुणाचा लोगो तर नकोच. संघाचं नाव ओळख पटवण्यापुरतं लिहायला हरकत नसते. आयपीएलसारख्या संघांची नावं मात्र नोंदलेली व्यापारचिन्हं असतात, ती साध्या अक्षरांत लिहा, त्यांच्या ठेवणीत आणि रंगात नको. तारीख मैदानावरची धरा. वेस्ट इंडीजमध्ये संध्याकाळी सुरू झालेली मॅच आपल्याकडे दुसऱ्या दिवशी उजाडते आणि मग एकाच सामन्याच्या दोन तारखा फिरत राहतात. तुमची फायनल तिथे सकाळी सुरू झाली, म्हणून दोन्हीकडे २९ जूनच.

टिपणांकडे खरं लक्ष द्या. 'क्लासेन झे. पंत गो. पंड्या ५२' ही वस्तुस्थिती, कुणीही लिहावी. पण त्या चेंडूवर एखाद्या वेबसाइटच्या लेखकाने रचलेली वाक्यं ही त्याची साहित्यकृती. ती उचलून दोन शब्द बदलले, किंवा टीव्हीवरच्या समालोचकाचं बोलणं मराठीत उतरवून काढलं, तरी ती तुमची टिपणं होत नाहीत. भाषांतराचा हक्कही मूळ मालकाचाच असतो. तुमच्या वहीतून साधारण असं काही यायला हवं:

'३० चेंडूंत ३० हव्या होत्या, सहा गडी हातात. सोळाव्या षटकात बुमराहने ४ दिल्या. सतराव्याच्या पहिल्याच चेंडूवर हार्दिकने वेग काढून घेतला, ऑफ स्टंपच्या बाहेर, क्लासेनची कड लागली. त्या षटकात ४, अठराव्यात २, एकोणिसाव्यात ४. मिलर समोर होता तरी शेवटच्या षटकात १६ उरल्या. माझ्या मते सामना सूर्यकुमारच्या झेलाच्या आधीच या चार षटकांत फिरला होता.'

आकडे सगळ्यांचे, निवड आणि मत तुमचं. झेलाची क्लिप न दाखवता हे म्हणता येतं, आणि वाचणाऱ्याला, ऐकणाऱ्याला त्यात काहीतरी मिळतं. अशा लिखाणावर लिहिल्या क्षणी तुमचा कॉपीराइट तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही. त्या पानांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. उद्या कुणी तुमच्यावर चोरीचा आरोप केला, किंवा तुमचंच कुणी उचललं, तर वही कामाला येईल. टिपणं मित्राने काढलेली असतील तर त्याच्या सहीचा कागद हवा, हक्क तोंडी दिला-घेतला जात नाही.

स्ट्राइकविरुद्ध यूट्यूबकडे प्रतिदावा भरू का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारणार हे दिसतंय. भरू नका. त्यात तक्रार चुकीची आहे असं शपथेवर लिहून द्यावं लागतं आणि तुमचं नाव-पत्ता तक्रारदाराकडे जातो. त्याला कोर्टात गेल्याचं दाखवायला अमेरिकेतले १० कामकाजाचे दिवस मिळतात. तो गेला, तर कलम ६२ त्याला आपल्या सोयीच्या ठिकाणी दावा लावायची मुभा देतं, म्हणजे तुमच्यासाठी दिल्ली किंवा मुंबई. इतक्या वर्षांच्या आंदोलनानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं म्हणून हा दावा इथे चालेल असं नाही. अंतरिम मनाई हुकूम अशा कंपन्यांना चटकन मिळतो. तुमचं म्हणणं ऐकायला कोर्टाला किती वर्षं लागतील, ते मला विचारू नका. त्यापेक्षा तक्रारदाराला चार ओळींचा नम्र ईमेल पाठवा: व्हिडिओ पुन्हा टाकणार नाही, तक्रार मागे घ्यावी. घेतीलच असं नाही, पण त्यात गमावण्यासारखं काही नाही.

तिसरा व्हिडिओ शेड्यूल करून ठेवला असेल तर आज रात्रीच काढा. मग दुसऱ्या स्ट्राइकच्या ईमेलवरची तारीख बघून मला कळवा. तिच्यापासून ९० दिवस उलटेपर्यंत फक्त टिपणं आणि आकृत्या.