पुण्याहवाचनाला बसल्यावर फोन कोण उचलणार?

"मुलीचं लग्न बारा दिवसांवर आलंय. सगळं ठरलंय, पण माझ्याच डोक्यात आहे. रात्री तीनला जाग येते आणि केटररला काय सांगायचं राहिलं ते आठवत बसते. दुसऱ्या कुणावर सोपवायला जीव धजत नाही."

ठाण्यात नौपाड्याला राहणाऱ्या या ताई (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत) एक वही आणि हॉलच्या पावतीमागे खरडलेली यादी घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, झोपेचं नंतर बोलू, आधी हे सगळं मोबाइलवर गुगल शीटमध्ये उतरवू. एक काम, एक ओळ. रकाने चारच: कोणाकडून, किती वाजता, काय, जबाबदार कोण. तासाभरात अठ्ठावन्न ओळी झाल्या.

मग त्याच ओळी तीनदा लावल्या. आधी कोणाकडून यायचं त्याप्रमाणे. डेकोरेटरच्या ओळी एकत्र आल्या, फुलवाल्याच्या एकत्र आल्या आणि वधूवरांचे हार दोघांकडेही नव्हते. डेकोरेटरला वाटत होतं फुलवाला आणेल, फुलवाल्याला वाटत होतं सजावटीत धरलंय.

मग वेळेप्रमाणे. साडेआठला पुण्याहवाचन, ही वेळ गुरुजींशी ताईंच्या यजमानांनी ठरवलेली. साडेआठलाच मेकअप, ही लेकीने ठरवलेली. दोन्ही ठिकाणी बसणार मुलगीच. आपापल्या यादीत दोघांचं बरोबर होतं, एकाखाली एक आल्यावर घोळ दिसला. हॉल आठशिवाय उघडत नव्हता, म्हणून मेकअप घरीच सहाला घेतला. त्यामुळे फोटोग्राफरची ओळही बदलली, तो आता आधी घरी येणार होता.

शेवटी माणसाप्रमाणे. एक्केचाळीस ओळींत "मी". मी विचारलं, "पुण्याहवाचनाला कोण बसणार?"

"आम्ही दोघं."

"कन्यादानाला?"

"आम्हीच." आणि त्या थांबल्या. साडेआठ ते एक त्यांच्या हातात पळी-पंचपात्र असणार होतं. त्या वेळेतल्या सगळ्या ओळींतून त्यांचं नाव काढलं. मामांना मुलीला बोहल्यावर आणायचं होतं, म्हणून बारानंतरच्या ओळींत त्यांनाही धरलं नाही.

उरलेल्या ओळींना प्रत्येकी एकच नाव. "घरचे" किंवा "मुलं" असं लिहिलं की ते काम कुणाचंच राहत नाही, म्हणून ते मी लिहू दिलं नाही. केटरर जाऊबाईंकडे गेला, हार भाच्याकडे. प्रत्येकाला त्याच्या नावाच्या ओळी व्हॉट्सॲपवर पाठवल्या आणि त्या त्या विक्रेत्याला "आमच्याकडून फोन यांचाच" असं कळवलं. धजत नव्हता तो जीव इथे जरा सैल झाला, कारण कुणाला काय सांगितलंय ते लिहिलेलं समोर होतं.

मुहूर्त बारा तेवीसचा होता. हार अकराला यायचे, ते पावणेबारा झाले तरी आले नव्हते. फुलवाल्याला फोन भाच्याने केला, खाली गाडीपर्यंत धावला तोच. ताईंना हे दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी कळलं.