पडलेले दात आधी विचार: पेरिओडॉन्टायटिसच्या स्टेजिंग-ग्रेडिंगची एक केस

परीक्षेत बहुतेक जण स्टेज चुकतात ते पडलेले दात मोजताना. ही केस बघ. 48 वर्षांचा पुरुष, तोंडात 22 दात. सर्वात वाईट जागा 36 ची मेसियल बाजू: इंटरडेंटल अटॅचमेंट लॉस 6 मि.मी., एक्सरेवर मुळाच्या 40 टक्के हाड गेलेलं.

अटॅचमेंट लॉस 5 किंवा जास्त, म्हणजे स्टेज 3 किंवा 4. आता गेलेले सहा दात. ते पाहून लगेच 4 लिहू नकोस, ते का गेले ते विचार. इथे चार किडीने काढलेले, हलून गेलेले दोनच. पेरिओडॉन्टायटिसमुळे गेलेले दात पाच झाले की स्टेज 4 होते, म्हणून ही स्टेज 3. तरी चावायला त्रास, पुढचे दात फाकणं किंवा बाइट कोसळणं नाही ना, हे तपासूनच थांब. त्यातलं काही असेल तर स्टेज 4 होते.

ग्रेड बी धरून सुरू कर आणि पुरावा शोध. जुने एक्सरे नाहीत, म्हणून हाडाची टक्केवारी भागिले वय: 40 ÷ 48 = 0.83. एकच्या वर गेलं असतं तर सी, इथे बीच. पण एचबीएवनसी 7.8 आहे. मधुमेहींत 7 किंवा त्याहून जास्त असलं की ग्रेड सी. स्टेज मात्र साखरेमुळे बदलत नाही, व्हायव्हात हेच हमखास विचारतात.

22 पैकी 12 दात बाधित, 30 टक्क्यांच्या वर. उत्तर लिही: जनरलाइज्ड पेरिओडॉन्टायटिस, स्टेज 3, ग्रेड सी.