पेटत नाही, भाजत नाही, तरी गाळ घातक कसा?

प्रश्न: रबाळ्यात आमचं क्रोम प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या ईटीपीचा गाळ वाळला की हिरवट ढेकळं होतात. पेटत नाहीत, हाताला काही होत नाही, वासही नाही. तरी हॅझार्डस कसा? कुठली टेस्ट केली की यातून सुटका होईल?

उत्तर:

मी बारा वर्षं महापे-तुर्भे पट्ट्यातल्या एका लॅबमध्ये केमिस्ट होतो, त्यामुळे अशी ढेकळं बरीच हाताळली आहेत. हातमोजे घालून. तुम्हीही घाला.

२०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांना जोडलेल्या पहिल्या परिशिष्टात कुठल्या प्रक्रियेतून कुठला कचरा निघतो याची यादी आहे, आणि प्लेटिंगच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून निघालेला गाळ त्या यादीत आहे. म्हणजे सुरुवात 'घातक' इथूनच होते. तो तसा नाही हे दुसऱ्या परिशिष्टातल्या चाचण्यांनी दाखवायची मुभा आहे, पण दाखवायचं तुम्ही.

त्या चाचण्या मुख्यतः चार गुणधर्मांच्या: ज्वलनशीलता, संक्षारकता, रिअॅक्टिव्हिटी आणि विषारीपणा. तुम्ही जे पाहिलंत ते त्यातल्या पहिल्या दोनांचं घरगुती रूप झालं. ज्वलनशीलतेसाठी द्रव कचऱ्याचा फ्लॅश पॉइंट बंद कपात मोजतात आणि तो ६० अंशांखाली आला तर कचरा ज्वलनशील. तुमच्या गाळाचा त्याच्याशी संबंध नाही, पण डिग्रीझिंगचं थिनर आणि त्यात भिजलेल्या चिंध्या त्याच पिंपात टाकत असाल तर आजच थांबवा. रिअॅक्टिव्हिटीत तुमच्यासाठी एकच प्रश्न महत्त्वाचा: शेडमध्ये सायनाइडची बाथ आहे का? असेल तर तिचा गाळ वेगळा ठेवा. तो आम्लाच्या संपर्कात आला तर हायड्रोजन सायनाइड सुटतो. वास येईल तेव्हा कळेल, या भरवशावर राहू नका, कारण अनेकांना तो वास येतच नाही.

तुमचा गाळ खरा अडकतो तो चौथ्या गुणधर्मात, विषारीपणात. त्याची चाचणी टीसीएलपी. तुम्ही हाताला काही होतं का ते पाहता. ही चाचणी पाहते की हा गाळ कचऱ्याच्या डेपोत, कुजणाऱ्या ओल्या कचऱ्याच्या आंबट पाण्यात पडून राहिला तर त्यातून काय झिरपेल. म्हणून त्यात साधं पाणी न वापरता अॅसेटिक आम्लाचा द्राव वापरतात. १०० ग्रॅम गाळ, त्याच्या वीसपट म्हणजे दोन लिटर द्राव, आणि मिनिटाला ३० फेऱ्यांनी सुमारे १८ तास बाटली उलटीपालटी. मग गाळून धातू मोजायचे. क्रोमियमची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम.

एक उदाहरण सांगतो. याच पट्ट्यातलं एक युनिट, नाव नको. त्यांच्या गाळात एकूण क्रोमियम आलं किलोला १८,००० मिलिग्रॅम. याला २० ने भागा: ९००. म्हणजे सगळं क्रोमियम सुटलं असतं तर द्रावात लिटरला ९०० मिलिग्रॅम आलं असतं. हा भागाकार आधी करायचा. उत्तर मर्यादेखाली आलं तर त्या धातूसाठी टीसीएलपीचा खर्चच नको. इथे ते कुठल्या कुठे होतं, म्हणून बाटली फिरवली. सकाळी गाळलं तर खालच्या काचेत फिकट पिवळं पाणी! आकडा यायच्या आधीच मी मालकांना फोन केला, "साहेब, तुमची रिडक्शन टाकी बिघडलीय." आकडा आला ११.४.

पिवळा रंग हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा. प्लेटिंगच्या पाण्यातलं हे क्रोमियम आधी पीएच २ ते ३ वर आणून मेटाबायसल्फाइटने ट्रायव्हॅलंट करायचं आणि मग चुन्याने पीएच ८-९ ला नेऊन हिरवा हायड्रॉक्साइड खाली बसवायचा, हा क्रोम प्लेटिंगच्या ईटीपीचा गाभा. हेक्साव्हॅलंट चुन्याने बसत नाही. ते दाबलेल्या गाळाच्या केकमधल्या पाण्यात तसंच राहतं आणि टीसीएलपीत बाहेर येतं. त्यांचा पीएच प्रोब सरकला होता. पडद्यावर अडीच, टाकीत प्रत्यक्षात साडेचार. त्या पीएचला रिडक्शन इतकं हळू चालतं की टाकी रिकामी व्हायची वेळ येते तरी पुरं होत नाही.

प्रोब बदलला. पण ऑपरेटरने घाबरून चुनाही दीडपट केला. पुढचा नमुना: पिवळा रंग नाही, क्रोमियम ०.६. मालक खूश, आता हा गाळ साध्या कचऱ्यात चालेल म्हणाले. मी शेवटच्या द्रावाचा पीएच विचारला. नऊ! म्हणजे आम्लात गाळ टिकला नव्हता, आम्लच संपलं होतं. हिशेब सोपा आहे: १०० ग्रॅम गाळात साडेसात ग्रॅमच्या आसपास चुना शिल्लक असला की दोन लिटर द्रावातलं सगळं आम्ल मारायला तो पुरतो, आणि ट्रायव्हॅलंट क्रोमियम नऊच्या आसपासच सर्वांत कमी विरघळतं. नियमाने हा आकडा पास. पण माझ्या मते ही चाचणीला दिलेली हुलकावणी. उघड्यावर तो चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने आणि आपल्याकडच्या पावसाने संपत जातो, क्रोमियम मात्र जागच्या जागी असतं.

त्यातच एक गंमत झाली. तोच चुन्याचा गाळ समान वजनाच्या पाण्यात मिसळून पीएच घेतला तर १२.६. संक्षारकतेची रेष १२.५ ला आहे, म्हणजे विषारीपणातून सुटला आणि संक्षारकतेत सापडला. पण एसी जोरात होता आणि नमुना २० अंशांवर. चुन्याच्या संपृक्त पाण्याचा पीएच २० अंशांना १२.६ च्या वर असतो आणि २५ ला १२.४५ वर येतो. पद्धत सांगते, पीएच १२ च्या वर असेल तर मोजमाप २५ अंशांनाच. पुन्हा घेतला, १२.४. पाच अंशांच्या आळसाने कुणाचा गाळ घातक ठरतो, कुणाचा सुटतो.

शेवटी चुना मापात आणून, प्रोब ठीक असताना तिसरा नमुना घेतला. क्रोमियम ६.१, द्राव रंगहीन. रिडक्शन नीट झालं होतं, पण ताजा हायड्रॉक्साइड आम्लात थोडा सुटतोच. गाळ घातकच राहिला आणि तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या डेपोत गेला.

तुमच्यासाठी एवढंच. वाळलेल्या ढेकळाचा एक तुकडा पाठवू नका, तो वरचा पापुद्रा असतो. फिल्टर प्रेसच्या वेगवेगळ्या प्लेट्समधून, चार-पाच बॅचचा थोडाथोडा केक घेऊन एकत्र करा. रिपोर्टवर दोन ओळी मागा: कुठला द्राव वापरला आणि शेवटचा पीएच किती. त्या दोन ओळी नसतील तर क्रोमियमच्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.